नव्या गिऱ्हाइकाकडे अॅडव्हान्स मागताना : ऑर्डरीचं फर्निचर करणाऱ्यांना पडणारे प्रश्न

नाशिकला सातपूरच्या बाजूला आमचं छोटं वर्कशॉप आहे. किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, देवघर असं घरगुती फर्निचर आम्ही मापाने करून देतो. लाकूडकाम माझे दीर बघतात. गिऱ्हाइकांशी बोलणं, कोटेशन आणि हिशेब माझ्याकडे असतो. या धंद्यात नव्याने उतरलेली मुलं मला नेहमी विचारतात, "ताई, पहिल्याच भेटीत पैसे कसे मागायचे? समोरच्याला वाईट वाटतं." त्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एका जागी लिहिते आहे.

अॅडव्हान्स मागितला की समोरच्याला अविश्वास का वाटतो?

मुळात आपल्याकडे ही रीत नवी नाही. जागेच्या सौद्यात विसार देतात. लग्नाचा बॅण्ड, आचारी, मंडपवाला ठरवताना हातावर काही रक्कम टेकवल्याशिवाय तारीख पक्की झाली असं कुणीच मानत नाही. तिथे कुणाला राग येत नाही, कारण ती तारीख एकदा आपल्याला दिली की दुसऱ्याला देता येत नाही, हे सगळ्यांना दिसतं.

फर्निचरमध्ये ते दिसत नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर फक्त तयार किचन असतं. त्याच्या ओट्याच्या मापाने कापलेला प्लाय दुसऱ्या कुणाच्याही ओट्याखाली बसत नाही, हे त्याला ठाऊक नसतं आणि आपण सांगतही नाही. मग आपण मागितलेल्या पैशाचा अर्थ तो स्वतःच्या मनाने लावतो, आणि "यांना माझी खात्री वाटत नाही" हाच अर्थ सगळ्यांत आधी सुचतो. म्हणून मागण्याचं कारण माणसात शोधू नका, मालात शोधा. पैसे कशाचे हे सांगितलं की बहुतेक वेळा पुढचं बोलणं सरळ होतं.

माणूस चांगला दिसतोय, घर चांगलं आहे. तरी अॅडव्हान्स हवाच का?

हवाच, आणि हे मी नुकसान सोसून शिकले. चार वर्षांपूर्वी एका कुटुंबाचे दोन मोठे वॉर्डरोब घेतले होते. नवरा-बायको दोघं नोकरीला, बोलायला अतिशय नम्र. फोनवर "करा सुरू, पैसे देतोच" एवढंच बोलणं झालं. आम्ही प्लाय आणला, कापला, त्यांनी निवडलेला गडद हिरवा सनमायका चिकटवला. आणि तिसऱ्या आठवड्यात फोन आला की साहेबांची बदली पुण्याला झाली, फ्लॅट आता भाड्याने देणार. त्यांनी मनापासून माफी मागितली. त्यांनी आम्हाला फसवलं नव्हतं.

सात फूट उंच, दीड फूट रुंद अशी चौदा हिरवी शटरं दीड वर्ष वर्कशॉपच्या भिंतीला टेकून उभी होती. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "हे कुणाचं?" शेवटी दिरांनी ती कापून दुसऱ्या कामात आतल्या फळ्यांना वापरली. नुकसान अडतीस हजारांचं झालं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की आहे. बुडवणाऱ्यापेक्षा बेत बदलणारी माणसं कितीतरी जास्त भेटतात. बदली होते, घरात आजारपण येतं, बिल्डर ताबा लांबवतो. अॅडव्हान्स या बदलणाऱ्या बेतांसाठी असतो. हे मनात स्पष्ट असलं की मागताना आवाज आपोआप साधा राहतो, कारण समोरच्यावर संशय घ्यायचं कारणच उरत नाही.

किती टक्के मागावा?

"सगळे पन्नास घेतात म्हणून पन्नास" हे उत्तर देऊ नका. त्यावर घासाघीस होते, कारण त्या आकड्याला आधार नसतो. आपल्या खिशातून पहिल्या पंधरा दिवसांत किती जाणार ते काढा आणि तेवढंच मागा.

एक नेहमीच्या आकाराचं एल आकाराचं किचन घेऊ. कोटेशन १,८०,००० रुपये, कर वेगळा. त्यात १८ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायच्या १४ शीट लागतात. आम्हाला शीट ४,००० ला पडते असं धरलं तर ५६,००० झाले. सनमायक्याच्या १२ शीट प्रत्येकी १,५०० प्रमाणे १८,०००. प्लाय मशीनवर कापून, कडेला पट्टी मारून आणायला शीटमागे ५०० प्रमाणे ७,०००. एकूण ८१,०००. हे पैसे पहिल्याच टप्प्यात जातात आणि काम थांबलं तर परत येत नाहीत. १,८०,००० चे हे बरोबर ४५ टक्के.

बिजागऱ्या, चॅनल, बास्केटा यांचे २६,००० नंतर लागतात, आणि तो माल डब्यात बंद असेपर्यंत दुकानदार बहुधा बदलून देतो. म्हणून तो खर्च मी पहिल्या हप्त्यात धरत नाही.

तेव्हा आमचे टप्पे असे पडतात : ड्रॉइंगवर सही झाली की ८१,०००. बॉक्स तयार झाले की गिऱ्हाइकाने वर्कशॉपला येऊन बघायचे आणि माल घराकडे निघायच्या आधी आणखी ८१,०००. बसवून झालं, शटर उघडून-लावून बघितली, की उरलेले १८,०००. हा शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता मी मुद्दाम गिऱ्हाइकाच्या हातात ठेवते. काहीतरी त्याच्याकडेही अडकलेलं आहे म्हटल्यावर पहिला हप्ता देताना त्याचा हात आखडत नाही.

तुमचे दर वेगळे असतील, गावागणिक बदलतील. पद्धत मात्र हीच ठेवा. परत विकता न येणारा माल आणि त्यावरची मजुरी मिळून पहिला हप्ता ठरतो.

हे केव्हा सांगायचं?

पहिल्या फोनवर, मापाला जायच्याही आधी. सगळ्यांत जास्त मनं इथे दुखावतात. आपण माप घेतो, दोनदा ड्रॉइंग बदलून देतो, रंग ठरतात, चहा-पोहे होतात, घरच्यासारखं बोलणं होतं, आणि अगदी शेवटी "बरं, तेवढं अॅडव्हान्सचं बघा" असं म्हणतो. समोरच्याला वाटतं, इतका वेळ गोड बोलत होते आणि आता मुद्द्यावर आले. तीच रक्कम पहिल्या दिवशी सांगितली असती तर त्याने ती सनमायक्याच्या रंगाइतक्याच सहजपणे ऐकली असती.

मी फोनवर एवढंच म्हणते : "माप घ्यायला आणि ड्रॉइंगला तीन हजार असतात, काम आमच्याकडे दिलंत तर ते बिलातून वजा होतात. पुढे तीन टप्प्यांत पैसे असतात, ते कोटेशनमध्ये लिहून देते." ज्याला हे पटणार नाही तो तिथेच थांबतो, आणि तेही बरंच आहे. पेट्रोल आणि अर्धा दिवस वाचतो.

नेमके शब्द काय वापरायचे?

आधी कोणते टाळायचे ते सांगते. "तुमच्यावर विश्वास आहेच हो, पण…" हे वाक्य कधीही बोलू नका. तोवर विश्वासाचा विषय कुणीच काढलेला नसतो. आपण तो काढतो, वर "पण" लावतो, आणि समोरच्याला त्या "पण"च्या पुढचंच तेवढं ऐकू येतं. तसंच "मागे एकाने आमचे पैसे बुडवले" ही कथाही नको. ती ऐकणाऱ्याला आपली गणना त्या माणसात होतेय असं वाटतं. आणि "जमलं तर थोडे पाठवा" असं तर अजिबात नको. थोडे म्हणजे किती, हे न कळल्यामुळे कुणी पाच हजार पाठवतं आणि आपण ऐंशीची वाट बघत बसतो.

मी ड्रॉइंगसोबत व्हॉट्सअॅपवर जो मजकूर पाठवते तो साधारण असा असतो :

"काका, नमस्कार. सोबत किचनचं फायनल ड्रॉइंग आणि कोटेशन पाठवलं आहे. ड्रॉइंग बघून ठीक असल्याचं कळवा. पहिला टप्पा ८१,००० आहे. त्यातून तुमच्या मापाचा प्लाय आणि तुम्ही निवडलेला सनमायका घेऊन कटिंगला देतो. आधी दिलेले ३,००० यातून वजा, म्हणजे आता ७८,०००. ते सोमवारपर्यंत आले तर मंगळवारी माल उचलतो आणि एकवीस दिवसांनी बॉक्स बघायला तुम्हाला बोलावतो. खात्याचा तपशील कोटेशनच्या खाली आहे."

यात विनवणी किंवा दटावणी कुठेच नाही. रक्कम, ती कशाला लागणार, आणि ती मिळाल्यावर त्यांना काय आणि कधी मिळणार, एवढंच आहे. शेवटची तारीख फार महत्त्वाची. पैसे मागताना आपणही एका तारखेला बांधून घेतलं की व्यवहार दोन्ही बाजूंचा वाटतो.

"आधी काम दाखवा, मग पैसे" असं म्हणाले तर?

हे म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा जुनी जखम असते. आपल्या धंद्यात पैसे घेऊन गायब झालेले मिस्त्री आहेत, हे मान्य करावं लागेल. मागच्या वर्षी गंगापूर रोडच्या एका घरात आम्ही माप घेत होतो. सूनबाई उत्साहाने सगळं दाखवत होत्या, आणि सासरे कोपऱ्यात पेपर धरून गप्प बसले होते. मी टप्प्यांचं बोलले तसा त्यांनी पेपर खाली ठेवला. "ताई, आधीच्या माणसाने साठ हजार नेले आणि नुसती चौकट लावून गेला. आता तुम्ही सांगा, मी का द्यावे?"

मी त्यांना "आमच्यावर विश्वास ठेवा" म्हटलं नाही. त्याचा उपयोगच झाला नसता. मी म्हटलं, "आजोबा, वर्कशॉप बघायला या. दुसऱ्यांचं काम चालू आहे ते बघा. आणि तुमच्या पैशातून आलेला माल तुमच्या नावाने बाजूला ठेवलेला दाखवते." ते आले. प्लायच्या शीटवरचा आयएस ७१० चा शिक्का त्यांनी चष्मा लावून वाचला. आमचं काम सुरू असलेल्या एका घराच्या मालकिणीशी, तिची परवानगी घेऊन, फोनवर बोलले. दुसऱ्या दिवशी पैसे आले. माल आला तेव्हा दिरांनी चौदा शीटच्या थप्पीच्या कडेवर खडूने त्यांचं आडनाव लिहिलं आणि मी त्याचा फोटो पाठवला. त्या दिवसापासून प्रत्येक कामात आम्ही तो फोटो पाठवतो. कारण पैसे गेल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस गिऱ्हाइकासाठी सगळ्यांत अवघड असतात, आणि तेव्हाच आपण बहुधा गप्प असतो.

तरीही कुणी अडून बसलं तर मी टप्पे लहान करते. ८१,००० ऐवजी आधी प्लायचे ५६,०००, तो आलेला बघितला की सनमायका आणि कटिंगचे २५,०००. पण स्वतःच्या पैशाने प्लाय आणून सुरुवात करत नाही.

ओळखीतून आलेलं काम असेल तर?

तिथे जास्त जपून आणि जास्त लिहून. मधल्या माणसाला लाज वाटेल म्हणून आपण बोलत नाही, आणि नंतर काही बिनसलं तर नातं आणि पैसे दोन्ही अडकतात. मी म्हणते, "माझ्या मावसभावाच्या घरालाही हेच कोटेशन दिलं होतं," आणि ते खरं आहे. सगळ्यांना एकच पद्धत असली की कुणालाच ती आपल्यासाठी काढलीय असं वाटत नाही. ओळखीत सूट द्यायची तर एकूण रकमेत द्या, टप्प्यांत देऊ नका.

"पितृपक्ष संपू दे, घटस्थापनेला देतो" म्हणाले तर?

आमच्याकडे दर वर्षी हे होतं आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. वाद घालू नका. फक्त तारीख पुढे सरकते हे प्रेमाने सांगा : "चालेल ना. घटस्थापनेला आले तर आम्ही दुसऱ्या माळेला माल उचलू. मग दिवाळीच्या आधी किचन होणं अवघड आहे, दिवाळीनंतरचा पहिला आठवडा धरू या." पुष्कळदा यावर घरातलंच कुणीतरी म्हणतं की आधीच ठरलेल्या कामाचे पैसे देताना पितृपक्ष कशाला बघायचा. ते त्यांच्या घरात ठरू दे. आपण मध्ये पडायचं नाही, आणि भिडेखातर आधी मालही आणायचा नाही.

"पाठवतो पाठवतो" म्हणतात आणि येत नाहीत. किती वेळा विचारायचं?

दोनदा. पहिल्यांदा ठरलेल्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी : "पैसे आले की आजच प्लाय उचलते, म्हणून विचारलं." दुसऱ्यांदा पाच-सहा दिवसांनी : "या आठवड्याची जागा आता दुसऱ्या कामाला देते आहे. तुमचं ठरलं की कळवा, तेव्हाची तारीख सांगते. प्लायचा दर बदलला तर कोटेशन पुन्हा देईन." त्यानंतर गप्प बसायचं. काही जण महिन्याने येतात आणि काम नीट होतं. पैशाअभावी येत नसलेल्या माणसाला वारंवार फोन करून ओशाळवाणं केलं तर तो पैसे आल्यावरही दुसरीकडे जातो.

रोख घ्यावेत का? पावती आणि जीएसटीचं काय?

शक्यतो खात्यावर घ्या. रोख घेतले तर त्याच क्षणी पावती, कोणत्या कामाचा कितवा टप्पा हे लिहून. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याने बंदी आहे, आणि हप्ते पाडून घेतले तरी व्यवहार एकच धरला जातो. दंड घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला होतो, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो.

जीएसटीची नोंदणी असेल तर अॅडव्हान्सवर रिसीट व्हाउचर द्यायचं असतं, आणि काम रद्द होऊन पैसे परत केले तर रिफंड व्हाउचर. नोव्हेंबर २०१७ पासून नुसत्या मालाच्या अॅडव्हान्सवर तेव्हाच्या तेव्हा कर भरावा लागत नाही, तो बिलाच्या वेळी येतो. सेवेच्या अॅडव्हान्सवर मात्र पैसे आले त्याच वेळी कर लागतो. आपलं काम माल आणि बसवणी मिळून असतं, त्यामुळे ते कशात मोडतं हे पहिल्याच कामाच्या वेळी आपल्या सीएकडून लिहून घ्या. पावती दिल्याने गिऱ्हाइकाची भीती जेवढी कमी होते तेवढी कोणत्याच बोलण्याने होत नाही.

दवाखाना, ऑफिस किंवा कंपनी असेल तर?

तिथे मालकाच्या मनाला वाईट वाटण्याचा प्रश्न फारसा नसतो, पण अकाउंट्सवाल्यांच्या पद्धतीचा असतो. त्यांना तोंडी सांगून काही होत नाही. परचेस ऑर्डरमध्येच टप्पे लिहून घ्या आणि पहिल्या टप्प्याचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस द्या. अॅडव्हान्समधूनही ते टीडीएस कापू शकतात, म्हणून रक्कम थोडी कमी आली तर भांडायला जाऊ नका, आधी विचारा. "आम्ही अॅडव्हान्स देतच नाही" असं उत्तर आलं तर उद्यम नोंदणी कामाला येते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. पण तो उशिरासाठी आहे, पहिला प्लाय त्यातून येत नाही. तेव्हा छोटं काम असेल तरच अॅडव्हान्सशिवाय घ्या.

काम रद्द झालं तर अॅडव्हान्स परत द्यायचा का?

हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही, पण मनात असतो. म्हणून आपणच कोटेशनवर लिहावं. "अॅडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" हे छापील वाक्य मला पटत नाही आणि कायद्यातही ते नेहमी टिकतंच असं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच बोलतं. झालेल्या नुकसानाच्या मानाने भलतीच मोठी रक्कम ठेवून घेतली तर भांडण आपल्यावर उलटू शकतं.

आमच्या कोटेशनवर तीन ओळी आहेत. माल उचलायच्या आधी रद्द केलं तर ड्रॉइंगचे ३,००० सोडून सगळे परत. माल आला पण कापला नाही, तर दुकानदार जेवढा परत घेणार नाही तेवढ्याचे पैसे आणि वाहतूक वजा करून उरलेले परत. कापल्यावर रद्द केलं तर माल आणि कटिंगचे पैसे परत नाहीत, पण कापलेला माल तुमचा, हवा असेल तर घेऊन जा.

गेल्या वैशाखात एका ताईंचं काम दुसऱ्या ओळीवर थांबलं. घरात अचानक ऑपरेशन निघालं. प्लाय आलेला होता, कापलेला नव्हता. दुकानदाराने १४ पैकी ११ शीट परत घेतल्या, उरलेल्या तीन आम्ही दुसऱ्या कामाला लावल्या आणि त्यांचेही पैसे धरून दिले. टेम्पोचे आठशे तेवढे कापले. हिशेबाचा कागद, दुकानदाराच्या बिलाचा फोटो आणि पैसे मी त्यांना एकाच दिवशी पाठवले. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, "ताई, तेच ड्रॉइंग आहे ना अजून? पहिला टप्पा आज पाठवते."